सोनं वीस टक्के पडलं, मग खाणवाला फंड निम्मा का झाला?

प्रश्न: "ऑगस्ट 2020 ला सोनं टॉपला असताना परदेशी सोने-खाण कंपन्यांच्या फंडात पैसे टाकले. सप्टेंबर 2022 पर्यंत सोनं थोडंच खाली आलं, पण माझे पैसे जवळपास निम्मे झाले. सोन्याचाच फंड ना हा? मग सोन्यापेक्षा एवढा जास्त कसा पडतो? मॅनेजरनं घोळ घातला का?"

घोळ मॅनेजरचा नाही, राव. "सोन्याचाच फंड" हे जे डोक्यात बसलंय ना तिथं गडबड आहे. तुम्ही सोनं घेतलंच नव्हतं, सोनं काढायचा धंदा घेतला होता, आणि या दोन गोष्टी एका दिशेला चालतात एवढंच त्यांचं नातं, चाल दोघांची वेगळी.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे कुठल्या कोनातून बोलतोय ते कळेल. मी मूळचा कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला, कॉस्ट अकाउंटंट. नऊ वर्षं पश्चिम आफ्रिकेत एका ओपन पिट, म्हणजे वरून उघडा खड्डा खणत जाणाऱ्या, सोन्याच्या खाणीवर खर्चाचा हिशोब बघत होतो, म्हणजे दर महिन्याला एक औंस सोनं काढायला किती डॉलर गेले हा आकडा माझ्या टेबलावरून पुढं जायचा. आता इथंच असतो. शेअरचा सल्लागार वगैरे नाही, काय घ्या काय विका ते सांगणार नाही, पण तो आकडा कसा हलतो ते जवळून बघितलंय.

खाण बाजूला ठेवा, आधी गुऱ्हाळ घेऊ. समजा मार्केट यार्डात गुळाला क्विंटलला 4000 रुपये दर आहे आणि ऊस, तोडणी, गुळव्या, जळव्या, बाकीचा मजूर, वाहतूक, अडत असा सगळा खर्च 3400 येतो (आकडे समजण्यापुरते आहेत, कुणी यंदाचा दर घेऊन भांडायला येऊ नका). हातात राहिले 600. आता गुळाचा दर दहा टक्के वाढून 4400 झाला. खर्च तोच, कारण चुलवाण तेच, काहील तीच, माणसं तेवढीच. हातात राहिले 1000. गूळ वाढला दहा टक्के, गुऱ्हाळवाल्याची कमाई वाढली सदुसष्ट टक्के. उलटं करा, दर 3600 ला आला तर हातात 200, म्हणजे दर दहा टक्के पडला आणि कमाई सदुसष्ट टक्के पडली.

ज्यानं घरात गुळाचे दहा रवे ठेवलेत त्याला दहा टक्केच मिळाले किंवा गेले. पण जो माणूस ते गुऱ्हाळच विकत घ्यायला येईल तो गुळाचा दर बघून किंमत सांगणार नाही, तो बघणार की यातून माझ्या हातात काय राहतंय. शेअर म्हणजे गुऱ्हाळाचा तुकडा आणि गुजरीतलं सोन्याचं वेढणं म्हणजे गुळाचा रवा, एवढं पक्कं झालं की अर्धं काम झालं.

आता तुमच्या केसचा हिशोब मांडू, कारण ती खरंच बघण्यासारखी आहे. ऑगस्ट 2020 मध्ये सोनं एका औंसाला 2060 डॉलरच्या वर गेलं होतं. त्यावेळी मोठ्या खाण कंपन्यांचा औंसाचा खर्च साधारण हजार डॉलरच्या आसपास होता. खर्च म्हणजे मी इथं ऑल-इन सस्टेनिंग कॉस्ट म्हणतोय, रिपोर्टमध्ये AISC लिहिलेलं असतं ते. 2013 मध्ये वर्ल्ड गोल्ड कौन्सिलनं हे माप आणलं, कारण त्याआधी कंपन्या नुसता खणायचा-दळायचा खर्च दाखवायच्या आणि मशिनरी बदलणं, खाण चालू ठेवायला लागणारा भांडवली खर्च, हेड ऑफिस हे सगळं बाजूला ठेवायच्या, मग कागदावर नफा दिसायचा आणि बँकेत पैसा दिसायचा नाही. तर 2060 वजा 1000, म्हणजे औंसामागं हातात 1060.

सप्टेंबर 2022 च्या शेवटाला सोनं 1650 च्या आसपास आलं. वीस टक्के घसरण. खर्च हजारच राहिला असता तर हातात 650 राहिले असते, म्हणजे 1060 चे 650, जवळपास एकोणचाळीस टक्के कमी. सोनं वीस आणि मार्जिन, म्हणजे हातात राहणारी रक्कम, एकोणचाळीस, ही झाली नुसती गुऱ्हाळाची गणितं.

पण खर्च हजार राहिला नाही. त्या दोन वर्षांत आधी कोविडमुळं खाणी बंद-चालू, शिफ्टला माणसं कमी, मग डिझेल भडकलं, स्टील भडकलं, सायनाइड महाग, टायर महाग, माणसं पगार वाढवून मागायला लागली, आणि 2022 पर्यंत औंसाचा खर्च साडेबाराशेच्या वर गेला. 1260 धरा. 1650 वजा 1260, हातात 390. म्हणजे 1060 चे 390, त्रेसष्ट टक्के गायब. आता बघा, सोनं वीस टक्के पडलं, मार्जिन त्रेसष्ट टक्के पडलं, आणि खाण कंपन्यांचा जो प्रसिद्ध अमेरिकन फंड आहे GDX तो साधारण 45 डॉलरवरून 22 च्या आसपास आला. निम्मा. तुमचं रुपयातलं नुकसान त्याहून किंचित कमी असेल कारण त्याच काळात डॉलर पंचाहत्तरवरून एक्क्याऐंशीच्या घरात गेला, आणि तुम्हाला सोनं "थोडंच" पडल्यासारखं वाटलं त्याचंही कारण तेच, आपल्याकडं सोनं रुपयात मोजतात.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. टॉपचा आणि तळाचा भाव सोडा, वर्षाची सरासरी घ्या. 2020 ची सरासरी होती 1770 डॉलर आणि 2022 ची 1800. म्हणजे वर्षभराच्या हिशोबात सोनं पडलंच नव्हतं, उलट चिमूटभर वाढलं होतं. तरी औंसामागची कमाई 770 वरून साडेपाचशेच्या आत आली. लोक फक्त सोन्याचा चार्ट उघडून बसतात आणि विचारतात भाव तर तोच आहे मग शेअर का पडला. भाव तोच होता, दुसरी बाजू हलली होती. गुऱ्हाळवाल्याला हे समजावायला लागत नाही, गुळाला दर तोच पण उसाचा दर वाढला की तो आपोआप कपाळाला हात लावतो.

आता "किती पट" हा प्रश्न. बरेच जण ठोकून देतात की खाण शेअर सोन्याच्या तिप्पट हलतो. असा काही ठरलेला आकडा नाही, आणि इथंच बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. ढोबळ हिशोब सोपा आहे, सोन्याच्या भावाला मार्जिननं भागा. दोन खाणी घ्या, भाव 2000. पहिलीचा खर्च 900, मार्जिन 1100, भागाकार 1.8. म्हणजे सोनं एक टक्का हललं की तिची कमाई 1.8 टक्के हलणार. दुसरीचा खर्च 1700, मार्जिन 300, भागाकार जवळपास 6.7. सोनं दहा टक्के वाढलं की दुसरीची कमाई 300 ची 500, आणि दहा टक्के पडलं की 300 ची 100. खाण तेवढीच, सोनं तेच, पण एक बैलगाडी आणि एक जत्रेतला पाळणा.

म्हणून तेजीच्या सुरुवातीला सगळ्यात भंगार, महाग खर्चाच्या कंपन्याच सगळ्यात जास्त उडताना दिसतात आणि माणसाला वाटतं हीच खरी कंपनी. 2016 मध्ये हे झालं होतं, जानेवारीच्या तळापासून ऑगस्टपर्यंत सोनं पाव पट वाढलं असेल तर GDX दुपटीच्या वर गेला, आणि त्यातही ज्या कंपन्या आदल्या वर्षी बुडतात की काय अशा होत्या त्या पुढं. पाळणा वर जाताना लय मजा येते.

आणि हा भागाकार स्वतःच बदलत राहतो हे लक्षात घ्या. ऑक्टोबर 2025 मध्ये सोनं 4000 च्या पार गेलं. खर्च सोळाशे धरला तर मार्जिन 2400 आणि भागाकार 1.7 च्या आतबाहेर. म्हणजे एवढ्या वर गेल्यावर निदान मार्जिनपुरता तरी धक्का कमी होतो. 2015 च्या शेवटाला सोनं 1050-1060 ला आलं होतं, तेव्हा बऱ्याच खाणींचं मार्जिन दीडशे-दोनशे डॉलर उरलं होतं, तिथं भागाकार पाच-सहा-सातच्या घरात. त्यामुळं "मागच्या वेळी तिप्पट झालं होतं" हे या वेळी कामाचं नाही, आधी आज मार्जिन किती आहे ते बघायचं.

कर्ज असेल तर हे सगळं अजून ताणलं जातं, कारण व्याज मार्जिनमधनंच जाणार. रॉयल्टी सरकार विक्रीवर टक्क्यानं घेतं, म्हणजे भाव वाढला की तो खर्चही वाढतो. नफ्यावरचा टॅक्स मात्र या चढउतारात भर घालत नाही, तीस टक्के टॅक्स आधीच्या नफ्यातनंही जातो आणि नंतरच्याही, त्यामुळं टक्केवारी तीच राहते. हे सांगितलं कारण हा प्रश्न मला दर वेळी कोणीतरी विचारतंच.

बरं, शेअरची किंमत एका वर्षाच्या कमाईवर नसते हेही आहे. खाणीचं आयुष्य समजा बारा वर्षं आहे. बाजार आजचा भाव घेऊन पुढची बाराही वर्षं त्याच भावानं मोजतो, म्हणजे आज सोनं शंभर डॉलर वाढलं की बाजाराच्या वहीत बारा वर्षांच्या प्रत्येक औंसावर शंभर डॉलर चढले. खरं तर पुढं काय होणार कुणाला माहीत, पण वही तशीच लिहिली जाते. म्हणून एखाद्या आठवड्यात सोनं चार टक्के हललं की शेअर दहा टक्के हलताना दिसतो, खाणीत त्या आठवड्यात काहीच वेगळं झालेलं नसताना.

आता जे बाहेरून दिसत नाही ते. भाव वाढला की खाणीच्या आत काय होतं. बहुतेक लेखांत "खर्च स्थिर धरा" म्हणून पुढं जातात, पण भाव वाढल्यावर खर्च वाढतो तो फक्त डिझेलमुळं नाही, खाण स्वतः आपला खर्च वाढवते, आणि शहाणपणानं वाढवते.

ओपन पिटमध्ये ब्लास्ट व्हायच्या आधी ड्रिलिंगचे नमुने लॅबला जातात आणि कुठल्या भागात टनाला किती ग्रॅम सोनं आहे, म्हणजे ग्रेड किती, ते कळतं. मग ब्लास्ट झाल्यावर ग्रेड कंट्रोलचा जिऑलॉजिस्ट त्या ढिगावर फिती आणि झेंड्या लावतो. आमच्याकडं लाल फितीच्या आतला माल मिलला, पिवळ्या फितीतला कमी ग्रेडचा म्हणून वेगळ्या ढिगावर, आणि बाकीचा वेस्ट डंपवर. एक्स्कॅव्हेटरवाला फीत बघून डंपर भरतो. दगड दिसायला सगळा सारखाच, करडा. कुठल्या दगडात सोनं आहे ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही, फीत सांगते.

आणि फीत कुठं लावायची ते सोन्याचा भाव ठरवतो. हिशोब असा. दगड खड्ड्याच्या काठावर आलाय, आता तो मिलमध्ये दळून, सायनाइडनं सोनं काढून, ऑफिस-खर्च धरून टनाला समजा 25 डॉलर लागतात आणि असलेल्या सोन्यातलं नव्वद टक्के हाती लागतं. औंस म्हणजे 31.1 ग्रॅम. भाव 1200 असेल तर ग्रॅमला साधारण 38.6 डॉलर, त्यातले नव्वद टक्के म्हणजे पावणेपस्तीस. 25 भागिले 34.7, उत्तर 0.72. टनात 0.72 ग्रॅमपेक्षा कमी सोनं असेल तर तो दगड दळण्यात तोटा, टाका डंपवर. आता भाव 1800 करा. ग्रॅमला 57.9, नव्वद टक्के 52, आणि उत्तर 0.48. म्हणजे टनाला अर्धा ग्रॅम सोनं असलेला दगडसुद्धा आता फायद्याचा. काल जो दगड होता तो आज माल झाला, जागचा हललाही नाही.

याचे दोन परिणाम, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. एक म्हणजे खाणीचा साठा कागदावर वाढतो, आयुष्य वाढतं, आणि शेअर वर जायला अजून एक कारण मिळतं. भाव पडला की हेच उलटं, साठा कमी करून लिहावा लागतो, हिशोबात मोठी रक्कम राइट-ऑफ जाते, 2013 मध्ये सोनं कोसळल्यावर जवळपास सगळ्या मोठ्या कंपन्यांनी अब्जावधी डॉलर असे उडवले. दुसरा परिणाम म्हणजे मिल तेवढीच आहे. दिवसाला ठरलेले टन दळणार, त्यात आता कमी ग्रेडचा दगड मिसळला की सरासरी ग्रेड खाली येते, तेवढ्याच टनांतनं औंस कमी निघतात, आणि एकूण खर्च तेवढाच असल्यामुळं औंसामागचा खर्च वर जातो. मी महिन्याच्या मीटिंगला हा वाढलेला आकडा घेऊन जायचो तेव्हा हेड ऑफिसहून फोनवर विचारायचे, सोनं एवढं वर आणि तुमचा खर्च का वाढला, काय चाललंय तिकडं? काही चुकलं नव्हतं. एकूण पैसा जास्तच येत होता, फक्त औंसामागं बघितलं की चित्र वाईट दिसायचं. एकदा तर वर्षअखेरीला आकडा चांगला दिसावा म्हणून आमच्याच मॅनेजमेंटनं तीन महिने फक्त चांगल्या ग्रेडचा माल मिलला घातला, खर्च मस्त खाली आला, कौतुक झालं, आणि पुढच्या वर्षी त्या भागात उरला नुसता हलका माल, मग पुढचे चार क्वार्टर आम्ही तोंड लपवत फिरलो.

त्यामुळं एखाद्या कंपनीचा खर्च अचानक छान खाली आला असेल तर मी आधी ग्रेडची ओळ बघतो. ग्रेड साठ्याच्या सरासरीपेक्षा बरीच वर असेल तर ती मलई काढून खाल्लेली आहे, पुढं दूध पातळच मिळणार.

एका कंपनीवर हे किती जोरात येऊन आदळतं त्याचं अलीकडचं उदाहरण न्यूमाँट, जगातली सगळ्यात मोठी सोने खाण कंपनी. ऑक्टोबर 2024, सोनं 2700 च्या वर, रोज नवा उच्चांक. कंपनीनं तिसऱ्या तिमाहीचा निकाल दिला, त्यात औंसाचा खर्च निघाला 1611 डॉलर, लोकांनी धरला होता त्यापेक्षा जास्त. 24 तारखेला एका दिवसात शेअर जवळपास पंधरा टक्के आपटला. सोनं त्या दिवशी कुठंही गेलं नव्हतं. तिमाहीत त्यांना औंसाला सरासरी 2518 मिळाले होते, म्हणजे मार्जिन नऊशेच्या वर, वाईट म्हणावं असं काहीच नाही. पण बाजारानं लगेच वही काढली, की हा जास्तीचा खर्च पुढं दर वर्षी राहणार का, आणि मघाशी सांगितलं तसं तो सगळ्या उरलेल्या वर्षांवर मांडून टाकला. सोन्याच्या नाण्याला असा निकाल द्यायचा नसतो.

आणि कधी कधी दिशाही उलटी होते, म्हणून मी "एका दिशेला चालतात" म्हटलं त्याला एक अट आहे. 26 सप्टेंबर 1999 ला युरोपातल्या पंधरा मध्यवर्ती बँकांनी जाहीर केलं की आम्ही पुढची पाच वर्षं मिळून वर्षाला चारशे टनांच्या वर सोनं विकणार नाही. त्याआधी भाव 270 डॉलरच्या आत रेंगाळत होता, तो दोन आठवड्यांच्या आत सव्वातीनशेच्या आसपास उडाला. सोनं काढणाऱ्या कंपनीला याहून चांगली बातमी कुठली? पण घानाच्या अशांती गोल्डफील्ड्सनं पुढच्या कित्येक वर्षांचं सोनं आधीच ठरलेल्या भावानं विकून ठेवलं होतं आणि वर ऑप्शनचे सौदेही घेतले होते. भाव वाढला तसे ते सौदे तोट्यात गेले, समोरच्या बँका त्या तोट्यापोटी तारण म्हणून पैसे मागायला लागल्या, आणि जमिनीतलं सोनं काढायला वर्षं लागणार तर पैसे मात्र आज पाहिजेत. सोनं वर आणि शेअर कोसळला. आपल्याकडं शेतकरी आगाऊ उचल घेऊन माल बांधून देतो आणि काढणीला दर दुप्पट होतो, तशातली गत, फक्त इथं व्यापारी वरून म्हणतोय की फरक आत्ताच भर.

असं आधीच भाव बांधून ठेवणं म्हणजे हेजिंग, आणि त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी ते बरंच कमी केलं. बॅरिकनं 2009 मध्ये आपलं हेज-बुक मोडायला भरपूर पैसे मोजले. पण लहान कंपन्या, विशेषतः नवीन खाण बांधायला कर्ज घेतलेल्या, अजूनही करतात कारण बँकच सांगते की पहिल्या काही वर्षांचं थोडं उत्पादन बांधून टाका. तो शेअर घेऊन कोण सोन्याच्या तेजीची वाट बघत बसला तर त्याला तेजी अर्धीच मिळणार.

तर तुमच्या फंडाचं काय. फॅक्टशीटमध्ये पहिल्या दहा कंपन्या दिलेल्या असतात. त्यांतल्या दोन-तीन मोठ्या कंपन्यांचा तिमाही निकाल उघडा, शंभर पानं वाचू नका, एकच तक्ता असतो ज्यात मिळालेला सरासरी भाव, AISC, औंस उत्पादन आणि ग्रेड या ओळी असतात. भावातनं AISC वजा करा, मग भावाला त्या उत्तरानं भागा, झाला तुमचा आजचा "किती पट". मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीचं तसंच काढून शेजारी लिहा. खर्च भावापेक्षा वेगानं वाढत असेल तर सोनं वर जात असूनही तुमचा फंड मागं राहणार, 2022 सारखाच. एक लक्षात ठेवा, AISC मध्ये नफ्यावरचा टॅक्स, व्याज आणि नवीन खाण बांधायचा खर्च नसतो, त्यामुळं खरं हातात येणारं त्याहून कमीच. हेजिंग आहे की नाही ते निकालाच्या खालच्या टिपांमध्ये मिळतं.

त्या दहांत फ्रँको-नेव्हाडा किंवा व्हीटन अशी नावं दिसली तर त्या वेगळ्या जातीच्या आहेत. त्या स्वतः खणत नाहीत, खाणीला आधी पैसे देतात आणि बदल्यात उत्पादनाचा हिस्सा घेतात, त्यामुळं डिझेल महागलं म्हणून त्यांचं फारसं बिघडत नाही, आणि त्यांना पाळणाही तेवढा जोरात बसत नाही. फंडात अशा कंपन्या जास्त असतील तर वरचा भागाकार त्यांना लावू नका.

फंडाचं नाव आणि ती दहा नावं इथं टाका, रविवारी बसून दोन-तीन कंपन्यांचा तक्ता मिळून लावू.